साडेसहाचे सात होताना

वेगवेगळ्या गावांत बसून एकत्र काम करणाऱ्या टीममध्ये रोजच्या स्टँड-अपची वेळ बदलायची असली, की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होते. टीमची जबाबदारी ज्याच्याकडे आहे तो ग्रुपवर एक ओळ टाकतो, शेवटी ‘कृपया नोंद घ्यावी’ असं लिहितो, खाली तीन-चार अंगठे उमटतात आणि काम झालं असं धरलं जातं. वेळेतला बदल ही एक माहिती आहे आणि ती पोचली की बदल झाला, अशी यामागची समजूत आहे. ती मला उथळ वाटते. स्टँड-अपची वेळ म्हणजे प्रत्येकाने आपल्या दिवसात करून ठेवलेली जागा. ती हलवली की तिच्या अलीकडचं आणि पलीकडचं कामही हलतं, आणि ते काम बहुधा घरातलं असतं. म्हणून ग्रुपवरचं निवेदन हे या बदलातलं शेवटचं काम आहे. त्याआधी भार कुणावर पडतो हे शोधावं लागतं, आणि निवेदनात ते लिहावंही लागतं. हे माझं म्हणणं मी पुढे टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. ठरलेली वेळ कशासाठी असते

ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सॉफ्टवेअर करणाऱ्या टीम रोज पंधरा मिनिटं भेटतात. आज काय हाती घ्यायचं आणि कुठे अडलंय एवढंच बोलतात. उभ्याने बोललं की बोलणं लांबत नाही, म्हणून त्याला स्टँड-अप हे नाव पडलं. आता आम्ही सगळे आपापल्या घरी बसूनच बोलतो, पण नाव तेच राहिलं. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांच्या ‘स्क्रम गाइड’च्या २०२० सालच्या आवृत्तीत या भेटीबद्दल फार नियम नाहीत. पंधरा मिनिटं, आणि गुंतागुंत कमी व्हावी म्हणून रोज त्याच वेळी, त्याच जागी, एवढंच त्यात सांगितलं आहे. बाकी रीत काम करणाऱ्यांनीच ठरवायची.

गुंतागुंत कमी व्हावी, हे कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. वेळ ठरलेली असली की ‘आज कधी?’ हा प्रश्न कुणाला पडत नाही. माणूस त्या वेळेभोवती बाकीचा दिवस रचून टाकतो आणि मग ती वेळ विसरतो. हे विसरता येणं हाच ठरलेल्या वेळेचा फायदा. वेळ बदलताना आपण नेमकी हीच विसरलेली गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात परत आणतो. म्हणून पंधरा मिनिटांच्या बैठकीचा बदल पंधरा मिनिटांचा नसतो.

२. एक चुकलेलं निवेदन

आमची टीम आठ जणांची आहे. तिघं पुण्यात, एक नागपुरात, एक हैदराबादला, एक अमेरिकेत न्यू जर्सीला, आणि दोघं यवतमाळ जिल्ह्यात : मी यवतमाळ शहरात आणि एक सहकारी वणीला. २०२० च्या टाळेबंदीत गावी परतलेल्यांपैकी आम्ही दोघं परत गेलोच नाही. स्टँड-अप आपल्या संध्याकाळी साडेसहाला असायचं, तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजलेले असत.

अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळ हलवतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे येतं. २०२५ मध्ये तो रविवार २ नोव्हेंबरला आला. शुक्रवारी, ३१ ऑक्टोबरला, मी ग्रुपवर लिहिलं : ‘अमेरिकेत घड्याळ एक तास मागे जाणार आहे, त्यामुळे सोमवारपासून स्टँड-अपची वेळ बदलेल. कृपया नोंद घ्यावी.’

सोमवारी साडेसहाला पाच जण आले आणि दहा मिनिटं वाट पाहून गेले. साडेसातला न्यू जर्सीचा सहकारी आणि पुण्यातले दोघं आले, तेही तसेच गेले.

माझ्या त्या वाक्यात खोटं काही नव्हतं, तरी त्यात तीन दोष होते. पहिला, त्यात किती वाजता हा आकडाच नव्हता. दुसरा दोष आपल्या भाषेतल्या ‘मागे-पुढे’चा. घड्याळ मागे गेलं की बैठक आपल्यासाठी उशिरा येते, पण ‘मागे’ वाचून नागपूरच्या सहकाऱ्याला ती साडेपाचला असेल असं वाटलं. त्याने विचारलं नाही. साडेपाचला येऊन गेला आणि साडेसहाला परत आला. ‘बैठक पुढे नेली’ आणि ‘बैठक पुढे आणली’ यांत एक तास उशिरा आहे आणि एक तास लवकर. वेळेच्या सूचनेत पुढे, मागे, अलीकडे, पलीकडे हे शब्द वापरूच नयेत. जुना आकडा लिहावा आणि नवा आकडा लिहावा.

तिसरा दोष सगळ्यात खोल होता. वेळ बदलायची हे मुळात कुणी ठरवलंच नव्हतं. कॅलेंडरमधली ती रोजची नोंद न्यू जर्सीच्या सहकाऱ्याने केली होती. त्यामुळे ती `America/New_York` या वेळेला बांधलेली होती. तिथले नऊ कायम राहिले आणि भारतातल्या सात जणांचे साडेसहाचे साडेसात झाले. हा निर्णय मी घेतला नव्हता आणि त्यानेही घेतला नव्हता. नोंद करताना कुणाचा लॅपटॉप समोर होता, एवढ्यावर सात घरांची संध्याकाळ ठरली. आणि मी तो निर्णय असल्यासारखा जाहीर करून टाकला.

३. भारतात घड्याळ एक, संध्याकाळ अनेक

यावर पहिला आक्षेप असा येतो, की अडचण फक्त अमेरिकेतल्या माणसाची आहे. भारतातली सगळी शहरं एकाच वेळेवर चालतात, तेव्हा इथल्यांसाठी आकडा कळवला की झालं. कागदावर हे बरोबर आहे. पण आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. यवतमाळ साधारण ७८ अंशांवर आहे आणि पुणे ७४ च्या थोडं अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने पुण्याचा सूर्य आमच्यापेक्षा सतरा-एक मिनिटं उशिरा चालतो. हा फरक तसा लहान. संध्याकाळ वेगळी होते ती घरांमुळे.

त्या सोमवारनंतर मी एकेकाला फोन केला आणि दोनच प्रश्न विचारले : साडेसहाच्या आधी तुम्ही काय करत असता आणि सातनंतर काय? पुण्यातल्या तिघांना आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागतं. त्यांच्यासाठी साडेसात म्हणजे एकतर ऑफिसातच थांबणं, नाहीतर रस्त्यात फोन कानाला लावणं. हैदराबादच्या सहकाऱ्याला काहीच फरक पडत नव्हता. न्यू जर्सीत आठची वेळ मुलीला शाळेत सोडण्याची, साडेआठपर्यंत तो घरी परतलेला असतो. वणीच्या सहकारिणीच्या घरी नवरा कोळसा खाणीत पाळीवर जातो. ज्या आठवड्यात तो संध्याकाळी घरी नसतो त्या आठवड्यात स्वयंपाक, मुलाचा अभ्यास आणि सासूबाईंची औषधं हे सगळं साडेसात ते साडेआठ या तासात येतं. ती म्हणाली, “दादा, साडेसहालाच मी मुलाला क्लासमधून आणायला गाडीवर असायची. रोज म्यूट करून ऐकलं. कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.”

याचा अर्थ जुनी वेळही सगळ्यांना जमत होती असं नव्हतं. ज्याला जमत नव्हतं तो गप्प होता एवढंच. ग्रुपवर ‘कुणाला अडचण आहे का?’ असं विचारलं असतं तर ती याही वेळी गप्पच राहिली असती, कारण आठ जणांसमोर घरातली गोष्ट सांगणं अवघड असतं, आणि गावातून काम करणाऱ्याला आणखी अवघड. त्याच्या मनात सतत असतं, की आपल्याला घरून काम करू दिलं हीच सवलत, आता आणखी काय मागायचं. ‘अडचण आहे का’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. ‘त्या वेळी काय करत असता’ याचं उत्तर मात्र खरं मिळतं. वेळ ठरवण्याआधी एकेकाला फोन करून हे विचारायला मला दीड तास लागला. या सगळ्या प्रकारात सर्वांत उपयोगी गेलेला वेळ तोच.

४. भार वाटून घेता येतो

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. भारतात साडेसहा ठेवले तर न्यू जर्सीत आठ, म्हणजे एका माणसाची सकाळ मोडते. न्यू जर्सीत नऊ ठेवले तर भारतात साडेसात, म्हणजे चार घरांची संध्याकाळ मोडते. मधली वाट भारतात सात आणि तिकडे साडेआठची. तिच्यात दोन्ही बाजू अर्धा-अर्धा तास सरकतात. वणीला मूल क्लासमधून घरी आलेलं असतं आणि स्वयंपाकाचा तास सुरू व्हायचा असतो, म्हणजे तिला ही वेळ जुन्या वेळेपेक्षाही बरी. पुण्यातल्यांना मात्र ती वाईट : ऑफिसच्या दिवशी बैठक संपवून निघायला सव्वासात होतात.

इथे मतदान घ्यावं असं पुष्कळांना वाटतं. मी ते घेतलं नाही. मतदानात पुण्याची तीन मतं आणि वणीचं एक मत असतं. ज्या शहरात टीमची जास्त माणसं, त्या शहराची सोय सगळ्यांची वेळ ठरते. मोजायचं ते कुणावर किती भार पडतो आणि तो दुसऱ्या कशाने हलका करता येतो का. पुण्यातल्यांचा करता येत होता. ऑफिसच्या तीन दिवशी त्यांनी पावणेसातपर्यंत आपलं लिहून टाकावं आणि निघावं, अडलेलं काही असेल तेव्हाच थांबावं, असं ठरलं. वणीच्या साडेसातला असा दुसरा उपाय नव्हता. म्हणून सात ठरले.

५. निवेदनात काय लिहायचं

आमच्या भागातल्या शेतकऱ्याला वेळापत्रकातला बदल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. शेतीच्या पंपाची थ्री-फेज लाइन कधी दिवसा असते, कधी रात्री. ‘वेळापत्रक बदललं आहे’ या वाक्याचा त्याला काही उपयोग नाही. आपला फिडर कोणता, कोणत्या वारापासून, दिवसाची लाइन की रात्रीची, हे कळलं तर तो रात्री ओलिताला माणूस पाहून ठेवतो. यवतमाळ शहरात २०१८ च्या टंचाईत नळ कधी येणार यावर घराघरांचे दिवस ठरत होते, तेव्हाही लोक एकमेकांना वॉर्ड, वार आणि वेळ हेच विचारत. गावात कोतवाल दवंडी द्यायचा तीही एका चौकात देऊन थांबायचा नाही. प्रत्येक वस्तीवर जाऊन तेच शब्द पुन्हा म्हणायचा. ज्याचं पाणी आणि पीक वेळेवर अवलंबून आहे तो समाज सूचनेत नेमकं काय लागतं हे जाणून असतो. ऑफिसच्या भाषेने ते विसरायला लावलं आहे.

दुसऱ्या वेळी मी जे लिहिलं ते असं :

‘सोमवार, १० नोव्हेंबर २०२५ पासून स्टँड-अप भारतात संध्याकाळी ७:०० वाजता (आधी ६:३०), न्यू जर्सीत सकाळी ८:३० वाजता (आधी ९:००). शुक्रवार, ६ मार्च २०२६ पर्यंत हीच वेळ. ९ मार्चपासून पुन्हा भारतात ६:३०, न्यू जर्सीत ९:००. ते जमतं का, हे फेब्रुवारीत पुन्हा विचारेन. कारण : अमेरिकेतलं घड्याळ बदललं, सगळा भार एकाच बाजूवर पडू नये म्हणून दोन्हीकडे अर्धा तास. याचा त्रास पुण्याच्या तिघांना जास्त आहे, त्यांनी ऑफिसच्या दिवशी ६:४५ पर्यंत लिहून दिलं तरी चालेल. या शुक्रवारपर्यंत ही वेळ जमणार नाही असं लक्षात आलं तर मला फोन करा. वाचल्यावर तुमच्या गावात किती वाजता भेटायचं ते उत्तरात लिहा.’

यातली दोन वाक्यं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. ‘याचा त्रास पुण्याच्या तिघांना जास्त आहे’ हे लिहिलं नाही तर त्रास होतच राहतो, फक्त तो ज्याला होतो त्याला तो एकट्याला दिसतो. लिहिला की तो टीमचा होतो, आणि बैठक रेंगाळायला लागली तर कुणीतरी ‘पुण्यातल्यांना निघायचंय’ म्हणून आठवण करतं. दुसरं शेवटचं वाक्य. अंगठा म्हणजे ‘पाहिलं’. ‘सात’ किंवा ‘साडेआठ’ असा आकडा लिहिला म्हणजे ‘समजलं’. पहिल्या निवेदनाला सगळ्यांनी अंगठा दिला होता, पण त्या अंगठ्यांमागे तीन वेगवेगळ्या वेळा होत्या.

निवेदन कधी पाठवायचं यालाही महत्त्व आहे. २०२५ ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात होती, लक्ष्मीपूजन २१ ला आणि भाऊबीज २३ ला. म्हणजे अमेरिकेचं घड्याळ बदलण्याआधी जो काळ सूचनेसाठी हाती होता, त्यातले बरेच दिवस लोक गावी होते आणि ग्रुप बंद करून बसले होते. अशा वर्षी सूचना दिवाळीच्या आधी एकदा आणि लोक परत आल्यावर पुन्हा एकदा द्यायला हवी. शुक्रवारी सांगून सोमवारी बदलणं कधीच चालत नाही. ज्याला मुलाचा क्लास किंवा कामवाल्या मावशींची वेळ बदलायची आहे, त्याला काही कामाचे दिवस तरी हातात लागतात.

६. यंत्रांनाही कळवावं लागतं

माणसांना कळवून झालं तरी वेळ आणखी दोन ठिकाणी लिहिलेली असते, आणि ती ठिकाणं निवेदन वाचत नाहीत.

पहिलं ठिकाण कॅलेंडर. रोजची नोंद बदलताना गूगल कॅलेंडर विचारतं, की एकच दिवस बदलायचा, इथून पुढचे बदलायचे की सगळेच. इथे `This and following events` निवडावं. मग जुनी मालिका आदल्या दिवशी संपते आणि नवी सुरू होते. `All events` निवडलं तर झालेल्या बैठकांची वेळही बदलते, आणि मधल्या एखाद्या दिवशी वेगळी वेळ ठेवली असेल तर ती पुसली जाण्याची शक्यता असते. नवी मालिका कुठल्या वेळेला बांधायची हेही इथेच ठरवावं. आम्ही ती `Asia/Kolkata` ला बांधली आणि ६ मार्चला संपवली, म्हणजे पुढच्या बदलाला कुणीतरी जाणीवपूर्वक हात घालावाच लागेल. बदल केल्यावर दुसऱ्या गावातल्या एखाद्याला त्याच्या फोनवर काय दिसतं ते विचारावं, आणि व्हिडिओची लिंक तीच राहिली का तेही पाहावं.

दुसरं ठिकाण आठवण करून देणारा प्रोग्रॅम. आमचा सर्व्हरवर क्रॉनने चालतो, आणि सर्व्हरचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर आहे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यात ही ओळ होती :

```
55 12 * * 1-5  /home/team/remind.sh
```

बारा पंचावन्न म्हणजे आपले सहा पंचवीस. ३ नोव्हेंबरला कॅलेंडर साडेसात दाखवत होतं आणि हा प्रोग्रॅम सहा पंचविसाला ‘पाच मिनिटांत स्टँड-अप’ असा निरोप देत होता. पाच जण साडेसहाला का आले, याचं उत्तर या ओळीत आहे. सातसाठी ती अशी झाली :

```
25 13 * * 1-5  /home/team/remind.sh
```

काही लिनक्स यंत्रणांमध्ये वर `CRON_TZ=Asia/Kolkata` लिहून थेट भारतीय वेळ देता येते, पण सगळ्या क्रॉनना ते कळत नाही, म्हणून आधी तपासून पाहावं. तपासायचं म्हणजे बदल केल्यावर पहिल्या दिवशी निरोप किती वाजता आला ते स्वतः पाहायचं.

७. दोन आक्षेप

पहिला : पंधरा मिनिटांच्या बैठकीसाठी एवढा खटाटोप कशाला? टीमच्या प्रमुखाने वेळ ठरवावी आणि बाकीच्यांनी पाळावी. प्रमुखाने ठरवू नये असं मी म्हणत नाही. सात वाजता भेटायचं हे मीच ठरवलं. पण विचारून ठरवलेली आणि न विचारता ठरवलेली वेळ यांत फरक पडतो तो पाळण्यात. न विचारता ठरवलेल्या वेळेला लोक हजर असतात, पण म्यूट करून, गाडीवर, कुकरच्या शिट्ट्या मोजत. मग अडलेलं काम त्या पंधरा मिनिटांत बाहेर येत नाही, रात्री दहाला एकेकट्या निरोपातून येतं. बैठकीचा उपयोगच तिथे संपतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. लोक म्हणतात, इतक्या गावांची टीम असेल तर एकत्र भेटूच नका; प्रत्येकाने आपल्या सोयीने दोन ओळी लिहाव्यात. आम्ही पुण्यातल्यांसाठी तीन दिवस हेच केलं, आणि जिथे सगळ्यांची सामायिक वेळच निघत नाही तिथे रोज दुसरी वाट नसतेही. त्याची मर्यादा मात्र आम्हाला दिसली. लिहिताना माणूस काय केलं ते लिहितो. काय कळत नाही, ते लिहीत नाही. ‘याचं काय करावं समजेना’ हे वाक्य लिहून टाकायला संकोच वाटतो. बोलता बोलता ते निघून जातं, आणि दुसरा लगेच म्हणतो, ‘थांब, ते मी मागच्या महिन्यात केलंय.’ म्हणून एक तरी वेळ अशी हवी, जिथे आवाज ऐकू येतात.

८. बदल झाला हे कशावरून कळतं

सगळे हजर आहेत यावरून कळत नाही. पहिल्या आठवड्यात सगळे येतातच. मी तीन गोष्टी पाहतो. पहिलं वाक्य किती वाजता बोललं जातं. रोज पाच-सात मिनिटं उशीर होत असेल तर कुणाचं तरी आधीचं काम संपत नाहीये. कोण रोज म्यूट आहे. आणि बैठक संपल्यावर तासाभरात तेच विषय परत ग्रुपवर येतात का. यांपैकी काही दिसलं, की त्या एका माणसाला फोन करायचा आणि तेच दोन प्रश्न पुन्हा विचारायचे.

दुसऱ्या आठवड्यापासून वणीचा आवाज यायला लागला. तिसऱ्या दिवशी तिने सांगितलं, की डेटाबेस हलवण्याची जी योजना आम्ही महिनाभर रेटत होतो, तिच्यात परत फिरण्याची सोयच नाही. ही गोष्ट तिच्या लक्षात सप्टेंबरातच आली होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात होळी होती, म्हणून पुढचं निवेदन मी २३ फेब्रुवारीलाच पाठवलं. त्याआधी वणीला फोन केला. मुलाचा क्लास अजून साडेसहालाच सुटत होता. मग न्यू जर्सीच्या सहकाऱ्याला फोन केला. घड्याळ पुढे गेल्यावर आपले सात म्हणजे त्याचे साडेनऊ होणार होते. मुलगी तोवर शाळेत गेलेली असते, पण दहाला त्याची दुसरी बैठक सुरू होते, पंधरा मिनिटांच्या वर जाऊन चालणार नाही, एवढंच तो म्हणाला. ९ मार्चपासून आम्ही सातच ठेवले. या वेळी निवेदनाखाली सहा जणांनी ‘सात’ लिहिलं आणि एकाने ‘साडेनऊ’.